बारीक माणसाला कसला बीपी? लघवी तपासल्याशिवाय असं म्हणू नका

लालबाग-परळच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या, पण आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या माणसांचं तिथं राहणं काही थांबलं नाही. गिरणीच्या जागी टॉवर आले आणि त्या टॉवरखाली सिक्युरिटीच्या ड्रेसमध्ये, कुरिअरची बॅग घेऊन, नाहीतर हातगाडी ओढत आपलीच पोरं उभी आहेत. त्यातलाच एक गडी डोळ्यासमोर आणा. उदाहरणच आहे, पण असा एकतरी माणूस तुमच्या भावकीत सापडेल. वय ३६, उंची पाच फूट सहा इंच, वजन ५४ किलो. करी रोडजवळच्या खोलीत आठ जणांत राहतो, रात्रपाळी करतो, खाणावळीत जेवतो. दोनचार महिने डोकं जड होतं, रात्री लघवीला दोनतीनदा उठावं लागतं, चढावर थोडा दम लागतो. एकदा चक्कर आली म्हणून सोबत्यांनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. बीपी निघाला १७६/११२.

खोलीवर आल्यावर पहिला प्रश्न तोच, जो आपल्याकडे सगळेच विचारतात. "आरं तुला कसला बीपी? अंगावर मूठभर मांस नाय!"

एखाद्याला असं कोणी म्हटलं की तो दुसऱ्यांदा मोजायलाच जात नाही. मशीन बिघडलं असेल, टेन्शन असेल, जागरण असेल असं म्हणून विषय संपतो. जाड माणसाचा बीपी वाढला तर घरचे मागे लागतात, बारीक माणसाचा वाढला तर हसतात.

बीपीला चरबीच लागते असं नाही

शेतातल्या पाइपलाइनचं उदाहरण घ्या. पाइपातलं प्रेशर दोन गोष्टींवर ठरतं. मोटर किती पाणी ढकलते आणि पुढे पाइप किती मोकळा आहे. वजन वाढलं की शरीरात रक्ताचं प्रमाण वाढतं, मोटरवर म्हणजे हृदयावर लोड येतो, हे खरं. म्हणून जाडेपणा आणि बीपी यांची जोडी लागलेली आहे. पण पुढचा पाइप आकसला, नाहीतर पाण्याचा निचरा करणारी यंत्रणाच बिघडली, तर मोटर लहान असूनही प्रेशर चढणारच. बारीक माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा भानगड इकडची असते. एकतर रक्तवाहिन्या ताठ किंवा आकसलेल्या, नाहीतर किडनी मीठ आणि पाणी नीट बाहेर टाकत नाही.

वय झालं की रक्तवाहिन्या जुन्या रबरी नळीसारख्या कडक होतात. म्हणून सत्तरीतल्या काटकुळ्या आजीचा वरचा आकडा १७० आणि खालचा ७५ असा येतो. वरचा एकटाच वाढला तरी तो बीपीच. तंबाखू आणि विडीमुळे रक्तवाहिन्या आकसतात, बिघडतात. मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाहीत, पण निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातंच. आणि मीठ. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक लहान चमचा सपाट भरून, एवढंच मीठ जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाणावळीची आमटी, सोबत लोणचं-पापड, पाळी सुटल्यावर दादर स्टेशनबाहेर दोन वडापाव, रविवारी सुकट. यात पाच ग्रॅमची हद्द दुपारीच ओलांडली जाते. घामावाटे मीठ जातं म्हणून राबणाऱ्याला जास्त मीठ चालतं, हा समज पक्का आहे. पण ज्याची किडनी मीठ बाहेर टाकायला कमी पडते, त्याला राबण्याची सवलत मिळत नाही.

आणखी एक कारण जन्माआधीचं आहे. किडनीत गाळण्या असतात, एकेका किडनीत साधारण दहा लाखांच्या आसपास. या सगळ्या आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नवीन होत नाहीत. पोटात असताना बाळाचं पोषण कमी पडलं, ते दीड-दोन किलोचंच जन्मलं, तर गाळण्या कमी घेऊनच ते जगात येतं. कमी गाळण्यांवर आयुष्यभर जास्त काम पडतं आणि पुढे तिशी-चाळिशीत बीपी वाढण्याची शक्यता जास्त राहते. दुष्काळात जन्मलेला, कायम किरकोळ राहिलेला माणूस म्हणजे "काटक, त्याला काही होत नाही" असं आपण म्हणतो. किडनीच्या हिशेबात तो काटक नसतो.

शिवाय बारीक दिसणारा प्रत्येक जण आतून बारीक असतोच असं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर वजन कमी, पण पोटाच्या आत चरबी, हे आपल्या लोकांचं वैशिष्ट्य आहे. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट पुढे असेल तर स्वतःला बारीक समजू नका.

(हे पुण्याचं केईएम. पुढे परळचं केईएम येणार आहे. नावं सारखी, हॉस्पिटलं वेगळी. गावाकडून निघताना पुष्कळांचा घोळ होतो.)

आधी आकडा खरा आहे का बघा

बारीक माणसाचा बीपी मोजताना एक गंमत होते, जी फार जणांना माहीत नाही. दंडाला बांधायचा पट्टा दंडाच्या मानानं मोठा असला तर आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. घरगुती मशीनच्या पट्ट्यावर माप छापलेलं असतं, बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटर. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंड मोजा. घेर २२ पेक्षा कमी भरला तर त्या पट्ट्यावर आलेल्या "१३५" वर विसंबू नका, खरा आकडा त्याहून जास्त असू शकतो. अशांसाठी लहान पट्टा मिळतो. जाड माणसाचं याच्या उलट. त्याला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. म्हणजे एकाच पट्ट्यानं सगळ्या गावाचा बीपी मोजला, तर जाडांचा उगाच जास्त आणि बारकांचा उगाच कमी दिसतो, आणि "बारकांना बीपी नसतो" ही समजूत आणखी घट्ट होते.

बाकी पद्धत साधी आहे. चहा, विडी, तंबाखू यांच्यानंतर अर्धा तास थांबायचं. लघवी करून यायचं. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा घ्यायचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर, घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून सरासरी १३५/८५ किंवा त्यावर, तर बीपी आहे असं धरतात. आणि १८०/१२० च्या वर आकडा असून छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, एका बाजूची ताकद गेलीय किंवा दिसायला अंधुक झालंय, तर आठवडाभर मोजत बसायचं नाही. तशीच गाडी काढायची.

आपल्या गड्याचा दुसऱ्यांदा १७२/११०, डाव्या हाताचा १७४/११०, चार दिवसांनी परत १७०/१०८. म्हणजे टेन्शनचा आकडा नव्हता.

फक्त गोळी सुरू केली असती तर

इथं दोन वाटा फुटतात. पहिली सोपी. बीपीची एक गोळी लिहून द्यायची, मीठ कमी करा, वजन कमी करा म्हणायचं. "वजन कमी करा" हे छापील पत्रकात असतं आणि ५४ किलोच्या माणसालाही सांगितलं जातं, तिथं हसावं की रडावं कळत नाही. या माणसाला वजन कमी करून काही मिळणार नाही. उलट बीएमआय १९ च्या माणसाचं वजन आणखी उतरायला लागलं तर तीच काळजीची गोष्ट.

दुसरी वाट म्हणजे असं विचारायचं की याला बीपी होण्याचं नेहमीचं कारण दिसत नाही, मग कुठलं आहे?

गोळी आकडा खाली आणते, कारण शोधत नाही. मुंबईला याचा जुना अनुभव आहे. परळच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या रानातल्या मुळीनं बीपी उतरतो हे रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि त्यानंतर जगभर ते औषध वापरात आलं. मोठंच काम होतं ते. पण सर्पगंधेनं मन फार उदास होतं असंही पुढे दिसलं आणि त्याहून चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. आजही गावाकडे कुणीतरी सर्पगंधेची पूड देतो आणि आकडा उतरला की "बघा, बरा झाला" म्हणतो. आकडा उतरलेला असतो, आत जे चाललंय ते तसंच असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला एक चिठ्ठी लिहून केईएमला पाठवलं. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही हॉस्पिटलं एकमेकांजवळच आहेत, त्यामुळे गावाकडून जाणाऱ्यांना तो परिसर माहीत असतो. मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे.जे. इथंही या सगळ्या तपासण्या होतात. आणि खरं सांगायचं तर पहिल्या फेरीच्या तपासण्यांसाठी मुंबईला जायचीही गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात किंवा तालुक्याच्या लॅबमध्ये त्यातल्या बहुतेक होतात.

सगळ्यात स्वस्त तपासणीनं सगळ्यात जास्त सांगितलं. लघवीची साधी तपासणी. त्यात प्रोटीनपुढे तीन अधिक चिन्हं आली आणि रक्तपेशी दिसल्या. निरोगी किडनीची गाळणी प्रोटीन अडवून धरते. ते लघवीत उतरतंय म्हणजे गाळणीला भोकं पडलीत. तेव्हा त्याला आठवलं की वर्ष-दीड वर्ष लघवीला फेस यायचा, भांड्यात साबण पडल्यासारखा. कुणाला सांगायची गोष्ट आहे का ती, म्हणून सांगितली नव्हती. रात्री उठावं लागण्याचा संबंधही इथंच होता. किडनी थकली की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते आणि रात्रीही पातळ लघवी होत राहते.

रक्तात क्रिएटिनिन १.८ आलं. वय आणि पुरुष असणं धरून हिशेब केला तर किडनीचं काम साधारण निम्म्यावर, ५० च्या आसपास. पोटॅशियम ४.६, म्हणजे ठीक. साखर ठीक. ईसीजीत हृदयाची भिंत जाड झाल्याच्या खुणा. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. ह्या शेवटच्या दोन गोष्टी सांगतात की बीपी काल-परवाचा नव्हता, दोनचार वर्षं तरी मुरलेला होता. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या ९ सेंटिमीटरच्या थोड्या वर.

इथं क्रिएटिनिनबद्दल एक गोष्ट बारीक माणसांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याच्या अंगावर मांसच कमी, त्याचं क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं. त्यामुळे किडनी खराब असूनही आकडा "नॉर्मल"च्या आसपास दिसू शकतो. साठ वर्षांची चाळीस किलोची बाई, क्रिएटिनिन १.२. लॅबच्या कागदावर बहुतेक ठिकाणी याला लाल रंगही लागत नाही. पण वय आणि बाई असणं धरून हिशेब केला तर किडनीचं काम पन्नासाच्या आसपास येतं. म्हणून नुसतं क्रिएटिनिन बघून "किडनी चांगली आहे" म्हणून परत पाठवलं, तर "ईजीएफआर किती येतो?" एवढं विचारा. बऱ्याच लॅब तो आकडा खाली छापतात. आणि हाडकुळ्या माणसात तो आकडासुद्धा थोडा चांगलाच दिसतो, खरी स्थिती त्याहून खालची असू शकते.

किडन्या अगदी लहान होऊन आकसलेल्या असत्या तर डॉक्टरांनी बायोप्सी केली नसती, कारण तेव्हा ती धोक्याची असते आणि त्यातून उपचार बदलेल असं काही हाती लागत नाही. याच्या किडन्यांचा आकार बरा होता, म्हणून सुईनं किडनीचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासला. निदान झालं आयजीए नेफ्रोपॅथी. शरीरातल्या संरक्षण करणाऱ्या पदार्थाचा गाळ किडनीच्या गाळण्यांवर साठतो आणि हळूहळू त्या बंद पडतात. दुखत काहीच नाही. आणि गाळण्या बिघडल्या की किडनीला वाटतं आपल्याकडे रक्त कमी येतंय, ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यानं अंगभर रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो. चढलेला बीपी उरलेल्या गाळण्यांना आणखी मारतो. म्हणजे बीपी इथं आजार होता तसा आजाराची बातमीही होता.

नुसती आकडा उतरवणारी गोळी घेऊन तो समाधानी राहिला असता तर काय झालं असतं, हे डायलिसिसच्या खोलीत गेलं की दिसतं. तिशी-चाळिशीतली, अंगानं बारीक, "अचानक दोन्ही किडन्या गेल्या" म्हणणारी माणसं तिथं असतात. अचानक काही गेलेलं नसतं. पाच-सात वर्षांपूर्वी कुठंतरी बीपी वाढलेला सापडलेला असतो आणि लघवी तपासायची राहिलेली असते.

किडनीशिवाय आणखी काय निघू शकतं

किडनीचा आजार हे तरुण, बारीक माणसाच्या बीपीमागचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण. पण एकटंच नाही. विशी-तिशीतल्या मुलीचा बीपी वाढलेला असेल आणि एका हाताची नाडी दुसरीपेक्षा मंद लागत असेल, काम करताना हात भरून येत असेल, तर मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येणारा ताकायासू नावाचा आजार असू शकतो. जपानी डॉक्टरचं नाव, पण आजार आपल्याकडे चांगलाच आढळतो. तो किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद करतो. म्हणून तर दोन्ही हातांचा बीपी घ्यायचा. वीसेक मिलिमीटरचा फरक आला तर सोडून द्यायचा नाही. हातांचा जास्त आणि पायांचा कमी असेल तर महाधमनी जन्मतःच एका ठिकाणी अरुंद असल्याचा संशय घेतात. पोटॅशियम कमी निघालं, पायात गोळे येत असतील, गळाटा येत असेल तर किडनीच्या डोक्यावरच्या छोट्या ग्रंथी जास्त काम करत असाव्यात. त्यावर वेगळी औषधं आहेत, काहींना ऑपरेशननं बीपी पूर्ण जातोसुद्धा.

वजन उतरतंय आणि बीपी चढतोय, असं एकाच वेळी होत असेल तर त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजू नका. थायरॉइड वाढल्यावर माणूस खाऊन खाऊन वाळतो, हात थरथरतात, छाती धडधडते, वरचा बीपी वाढतो. आणखी एक विरळा आजार आहे ज्यात अधूनमधून डोकं फुटायला येतं, घामानं माणूस भिजतो, काळीज धडधडतं आणि बीपी एकदम चढून परत खाली येतो.

आणि एक कारण आपणच विकत घेतो. बारीक पोराला सगळे म्हणतात "अंग धर". मग तो बाजारातून वजन वाढवायची पावडर किंवा कॅप्सूल आणतो, नाव आयुर्वेदिक, डब्यावर पिळदार माणूस. अशा काही मालात गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं असतं. भूक लागते, चेहरा गोल होतो, गालावर लाली येते, घरचे खूश. आतून बीपी आणि साखर वाढत असतात. सांधेदुखीच्या पुड्यांचंही तेच. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या तरी बीपी वाढतो आणि किडनी खराब होते. ज्येष्ठमध रोज बरेच दिवस चघळल्यानंही बीपी चढतो आणि पोटॅशियम उतरतं, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. डॉक्टरकडे जाताना ह्या सगळ्या पुड्या, डबे, पानं पिशवीत घालून घेऊन जा. तोंडी विचारलं की आपण "काही घेत नाही" म्हणतो. खरंच आठवत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. बारीक माणसांपैकी पुष्कळांच्या, खास करून पन्नाशीपुढच्यांच्या, तपासण्यांत असं वेगळं काही निघत नाही. आई-वडिलांना बीपी होता, वय झालं, मीठ-तंबाखू जास्त, एवढंच. तो त्यांच्या अंगाचा बीपी. मग खर्च वाया गेला का? तसं मला वाटत नाही. लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढं प्रत्येक बीपीवाल्याचं एकदा व्हायलाच हवं, जाड असो की बारीक. दोन वर्षांनी क्रिएटिनिन १.२ निघालं तर आधी ०.८ होतं का १.२ हे कळायला जुना कागद लागतो. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. याच्यापुढच्या मोठ्या, महाग तपासण्या मात्र सगळ्यांना लागत नाहीत. वय तिशी-पस्तिशीच्या आत असेल, बीपी एकदम आणि जास्त वाढला असेल, तीन औषधं नियमित घेऊनही उतरत नसेल, किंवा पहिल्या तपासण्यांत काही बिघडलेलं दिसलं असेल, तरच डॉक्टर पुढं जातात. कुणी पहिल्याच दिवशी अँजिओग्राफी करा म्हणालं तर का ते विचारायला संकोच नको.

गोळी सुरू झाल्यावर घोळ कुठं होतो

त्याला टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. टेल्मिसार्टन बीपी उतरवतं आणि गाळणीवरचा दाब कमी करून लघवीतलं प्रोटीनही कमी करतं. म्हणून किडनीवाल्याला ही जातीची गोळी मुद्दाम देतात. कारण कळल्यानं औषध बदलतं ते असं. तरुण बायकांनी मात्र एक सांगायलाच हवं. दिवस जाण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला धोक्याची आहे. पाळी चुकली तर थांबू नका, लगेच जाऊन बदलून घ्या.

दोन आठवड्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.८ चं २.० झालेलं. आता इथं निम्मे लोक गोळी सोडतात. "गोळीनंच किडनी खराब केली" असं व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेलं असतंच. खरं म्हणजे दाब कमी झाल्यावर सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जातं, ते अपेक्षित असतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, त्याहून जास्त झाली किंवा पोटॅशियम फार वाढलं तर विचार करतात. याची वाढ अकरा टक्के होती, पोटॅशियम ४.९. गोळी तीच ठेवली. म्हणूनच दोन आठवड्यांच्या तपासणीला जायचं असतं. न जाता नुसत्या गोळ्या चालू ठेवणं आणि घाबरून बंद करणं, दोन्ही चूक.

खाण्यात मीठ कमी, सुकट-लोणचं जवळपास बंद. सैंधव चालेल का म्हणून त्यानं विचारलं. सैंधवही मीठच. बाजारात "लो सोडियम" म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीवाल्यानं ते विचारल्याशिवाय घेऊ नये. नारळपाण्याचंही तसंच. ताकदीसाठी प्रोटीन पावडर घेऊ का, याला डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. तंबाखू सुटायला तीन महिने लागले आणि मधे दोनदा परत सुरू झाली होती.

एक अडचण राहते ती पाळीची. रात्रपाळीवाला गोळी कधी घेणार? त्यानं संध्याकाळी कामाला निघताना घ्यायची ठरवली, डब्याच्या पिशवीतच पाकीट ठेवलं. जत्रेला किंवा लावणीला गावी आलं की गोळ्या मुंबईत राहतात, ही दुसरी अडचण. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी मोजून मिळतो आणि सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी मोफत मिळते. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे तर राज्यातले सुरुवातीचे जिल्हे होते जिथं बीपीच्या रुग्णांची नोंद ठेवून औषध देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की मुंबईचीच गोळी गावातही मागता येते. नाव नीट न सांगता "बीपीची पांढरी गोळी द्या" म्हटलं की दुसरीच हातात पडते.

सहा महिन्यांनी त्याचा बीपी १२६/७८ होता. दिवसाला लघवीतून जाणारं प्रोटीन २.४ ग्रॅमवरून ०.९ वर आलेलं. क्रिएटिनिन १.९. गेलेल्या गाळण्या परत आल्या नाहीत, येणारही नाहीत, पण घसरण थांबल्यासारखी आहे. दर तीन महिन्यांनी लघवी आणि रक्त तपासायचं ठरलंय. रात्री आता एकदाच उठावं लागतं. जत्रेला गावी आला तेव्हा त्यानं धाकट्या भावाला, तोही तसाच बारीक, धरून उपकेंद्रात नेलं. बीपी १३८/८८ निघाला. सिस्टरनी लहान पट्टा मागवून परत मोजला तर १४६/९२. सोमवारी त्याची लघवी तपासायला द्यायची आहे.